रजेसाठी अर्ज : 22 ते 29 जानेवारी 2026

दिनांक : 5 जानेवारी 2026

प्रति,
माननीय व्यवस्थापक, लेखा विभाग,
मुख्य कार्यालय, सीताबर्डी, नागपूर

विषय : शास्त्रीय गायनाच्या दौऱ्यात तबलासाथीसाठी अर्जित रजा व बाहेरच्या मानधनास परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

मी तबला वाजवते हे आपल्याला ठाऊक आहेच. नागपुरातले कार्यक्रम मी ऑफिस सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशीच घेते. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात संध्याकाळची मैफल असली, तरी त्यासाठी कधी रजा मागितलेली नाही. यावेळी मात्र मागावी लागत आहे.

मुंबईच्या एका ख्यालगायिकेच्या दौऱ्यात साथीला बसण्याचं निमंत्रण आलं आहे. 24 तारखेला पुणे, 25 ला सातारा, 26 ला कोल्हापूर आणि 27 ला मिरज अशा सलग चार मैफली आहेत. मी साथीदार असल्याने तारखा मागेपुढे करणं माझ्या हातात नाही. ऐनवेळी दुसरा तबलजी घेऊन चालत नाही, कारण बाईंची लय अतिविलंबित असते आणि तो ठेका एकमेकांच्या सवयीवरच धरला जातो. म्हणून 23 ला पुण्यात दिवसभर तालीम ठेवली आहे.

22 तारखेला महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघेन. परतताना 28 ला मिरजेहून तीच गाडी पकडेन, 29 च्या संध्याकाळी नागपूर गाठेन आणि 30 तारखेला शुक्रवारी नेहमीच्या वेळेला कामावर हजर होईन. विमानाने गेले तर एखादा दिवस वाचेल, हा विचार मीही केला. पण जोडी आणि काळी चारचा एक जादा तबला एवढं सामान विमानात हाती देऊन मोकळं होण्याची माझी छाती होत नाही. पुडीला चीर गेली तर नवी चढवून सुरात बसेपर्यंत मैफल निघून जाते. रेल्वेत सामान माझ्या बर्थखाली, डोळ्यांसमोर राहतं.

या काळात 24 चौथा शनिवार, 25 रविवार आणि 26 प्रजासत्ताक दिन आहे. त्यामुळे 22, 23, 27, 28 आणि 29 असे कामाचे पाच दिवस अर्जित रजा मंजूर करावी, ही विनंती. मधल्या सुट्ट्याही रजेत धरण्याचा आपल्याकडे नियम असल्यास आठ दिवस धरले तरी माझी हरकत नाही, तेवढी रजा शिल्लक आहे. फक्त कसं धरणार ते आधी कळवावं.

आता कामाचं. 7 तारखेचा टीडीएसचा भरणा, 11 चा जीएसटीआर-1 आणि 20 चा जीएसटीआर-3बी हे तिन्ही मी असतानाच होतील. खरी अडचण ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्राची आहे, त्याची मुदत 31 जानेवारी. मी 30 ला येणार आणि 31 ला शनिवार, म्हणजे ते माझ्या येण्यावर सोडणं धोक्याचं. म्हणून 26क्यू आणि 24क्यू दोन्ही मी 19 तारखेपर्यंत तयार करून तपासणीसाठी आपल्यासमोर ठेवेन. चलन आणि पॅन यांचा मेळ त्याआधीच लावलेला असेल. आपली सही झाली की 21 लाच दाखल करता येईल.

रोजच्या नोंदी आणि बँकेचा ताळमेळ प्रशांतभाऊ बघतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. त्यांना त्यांच्या मार्चमधल्या रजेत मी हात देणार आहे. जानेवारीच्या पगाराचा तक्ता हजेरीपुरता अपुरा ठेवून बाकीचा भरून जाईन, 30 ला हजेरी टाकून पूर्ण करेन. अडलंच तर सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत मला खुशाल फोन करावा, मिरजेहून निघाल्यावर गाडीतसुद्धा. मैफलीच्या दिवशी दुपारनंतर मात्र मी उचलू शकणार नाही. त्यावेळी वाद्यं सुरात लावायची असतात आणि फोन बंद असतो.

दुसरी परवानगी मानधनाबद्दल. नेमणूकपत्रात बाहेरचं उत्पन्न घेण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्यावी असं कलम आहे. चारही मैफलींचं मानधन एकत्रित मिळेल, त्यावर आयोजक टीडीएस कापणार असतील तर कापतील, मी ते माझ्या विवरणपत्रात दाखवेन. कंपनीचं नाव कुठल्याही पत्रिकेत किंवा जाहिरातीत येणार नाही.

रेल्वेचं आरक्षण वेटिंगवर जाण्याआधी काढायचं आहे. त्यामुळे 8 तारखेपर्यंत निर्णय कळला तर बरं होईल. 22 चा दिवस अगदीच सोडता येत नसेल तर सांगावं, त्या दिवशी दुपारपर्यंत काम करून रात्रीच्या खासगी बसने पुणे गाठता येईल. तालीम थोडी उशिरा सुरू होईल, पण चालेल. 23 नंतरच्या तारखांत मात्र मला काहीच बदलता येणार नाही.

आपली विश्वासू,
मंजिरी देशकर
सहायक लेखापाल

सोबत : निमंत्रणपत्राची प्रत, कामाच्या हस्तांतरणाची प्रशांतभाऊंच्या सहीची यादी