चिपळूण आगार, १ जून: सत्काराला तीन उत्तरं

सूत्रसंचालक (वाहतूक नियंत्रक)

मंडळी, १९४८ साली आजच्याच तारखेला पुणे-अहमदनगर ही आपल्या एसटीची पहिली गाडी सुटली. तिचा वाढदिवस आपण करतोय खरा, पण आजच्या गाड्या काही आपल्यासाठी थांबायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक सत्कारमूर्तीला मिनिटाच्या आत आटपायचं आहे. मिनिट भरलं की मी एक बेल देणार. एक बेल म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगायला नको. या तात्या.

चालक, २५ वर्षं विनाअपघात सेवा

नमस्कार. पंचवीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, असं साहेब आत्ता म्हणाले. ओरखडे आहेत साहेब, अपघात नाही. कुंभार्लीत समोरून ट्रक आला की बाजूची फांदी आरशाला लागतेच.

हा बिल्ला माझ्या छातीवर लावलात, पण ब्रेक वर्कशॉपवाले बघतात. पहाटे कुणी सांगितलं, "तात्या, मागचे लायनर बघितलेत, जा बिनधास्त," की निम्मा घाट तिथंच उतरून होतो.

माझे उस्ताद पहिल्या रांगेत बसलेत. ते म्हणायचे, "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायला गेलास तर स्टिअरिंगवरून उठवीन." उस्ताद, अजून तसाच उतरतो.

आणि घरचे. गणपतीत सगळा मुंबईचा कोकणी माणूस घरी येतो आणि त्याला आणायला आम्ही घराबाहेर. आमच्याकडची आरती इतकी वर्षं भावानं आणि हिनं केली. म्हणून नारळ भावाला, शाल हिला. बिल्ला मात्र मी ठेवतो.

सूत्रसंचालक

तात्या बेलच्या आधी थांबले. आता वर्कशॉप.

यांत्रिकी कर्मचारी, उत्कृष्ट देखभाल

मला स्टेजवर बोलायची सवय नाही, गाडीखाली झोपून बोलायची आहे.

२०२१च्या जुलैत पूर आला तेव्हा मी नवीन होते. पाणी ओसरल्यावर बघावं तिथं चिखल. मी सरळ सेल्फ मारायला निघाले, तर हेडमेकॅनिक काका ओरडले, "हात काढ!" मग शेजारी बसवून समजावलं, की सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळं तेल काढायचं, पाणी काढायचं, इंजिन हातानं फिरवून बघायचं. काका, तुम्ही मला कारण सांगितल्याशिवाय एकही काम दिलं नाहीत. "पाना आण" असंसुद्धा कधी म्हणाला नाहीत. "कितीचा लागेल, सांग," असं विचारायचात.

बॅटरीवाले, टायरवाले, वॉशिंगवाले, सगळ्यांची नावं घेतली तर बेल वाजेल आणि एकाचं राहिलं तर उद्या मला जॅक मिळणार नाही. तेव्हा सगळ्यांना एकदमच धन्यवाद.

मी आयटीआयला मोटार मेकॅनिक घेतलं तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "मुलीला हे कशाला?" आई म्हणाली, "तिला येतं म्हणून." आई, थँक यू. पप्पा, तुम्हालाही. तुमची स्कूटर खोलू दिलीत आणि ती महिनाभर तशीच पडू दिलीत.

सूत्रसंचालक

स्कूटर चालू झाली का, ते नंतर विचारू. वाहक ताई.

वाहक, उत्कृष्ट प्रवासी सेवा

माझं अगदी थोडक्यात, गुहागर गाडी फलाटाला लागलीय.

मला तिकीट मशीन मोठ्या ताईंनी हातात दिलं. त्या आता रिटायर झाल्यात, पण फोन करून आज आवर्जून आल्यात. त्यांनी एकच सांगितलं होतं, "आधी माणूस नीट चढू दे, मग तिकीट विचार." २०२३ला बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या जास्तच भरायला लागल्या, तेव्हा हे वाक्य रोज उपयोगी पडलं. ताई, पाया पडते.

आमचे चालक दादा. म्हातारं माणूस पायरीवर असताना यांनी कधी क्लच सोडला नाही. मी बेल दिली तरी आरशात बघूनच निघतात. बक्षीस माझ्या नावावर आहे, पण अर्धं त्यांचं. कंट्रोलर साहेबांनी मुलांच्या परीक्षेत ड्युटी बदलून दिली, तेही विसरणार नाही.

घरी सासूबाई आहेत म्हणून मी पहाटेची गाडी धरू शकते. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, एसटी त्यांना मोफत. पण माझ्या गाडीत बसल्या तरी पहिलं आधार कार्ड काढतात. "सून असली म्हणून काय झालं? तपासणीस आला तर?" आई, उत्कृष्ट प्रवासी म्हणून तुमचाच सत्कार करायला हवा.

दादा, उठा आता. पेढा गाडीत खाऊ.