विषय: नवीन संगणक प्रणाली १ नोव्हेंबरला सुरू होणार नाही; सुधारित तारीख १ जून २०२६

मा. संचालक, सर्व शाखाधिकारी व अंतर्गत लेखापरीक्षक,

सप्रेम नमस्कार.

काल गेलेल्या मेलमध्ये 'काही तांत्रिक अडचणींमुळे थोडा विलंब' एवढंच होतं. त्याऐवजी हा मेल ग्राह्य धरावा. विलंब थोडा नाही, सात महिन्यांचा आहे.

आधी सर्वांच्या मनातला प्रश्न. ठेवी, कर्जं, शेअर्स यांच्या रकमांना कुठेही धक्का लागलेला नाही. सप्टेंबरमध्ये तीन शाखांचा डेटा नव्या प्रणालीत चाचणीसाठी चढवला, तेव्हा तिन्ही शाखांचा तेरीज पैशापैशाला जुळला. शिवाय ही चाचणी प्रतीवर होती. मूळ डेटा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा आहे आणि रोजचं कामकाज त्यावरच चालू आहे.

अडलंय ते नावांवर. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांची नावं युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवली जातात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे 'शिर्के' हे आडनाव बदलताना वेलांटी आणि रफार दोन्ही उचलून योग्य जागी ठेवावे लागतात. हे काम करणारा प्रोग्राम पुरवठादाराकडे आहे आणि मुख्य शाखेच्या डेटावर तो नीट चालला. पण बाकीच्या शाखांनी वेळोवेळी वेगळे फॉन्ट वापरलेत. एका फॉन्टमधला 'क्ष' दुसऱ्यात भलतंच काही निघतो. तिन्ही शाखांच्या १२,८०० खात्यांपैकी १,९१४ खात्यांवरची नावं चुकीची आली. ११ ठिकाणी तर दोन वेगळे सभासद एकाच ग्राहक क्रमांकाखाली गेले. शिर्केंच्या ठेवीची पावती दुसऱ्याच्या खात्यावर दिसली, तर काउंटरवर उभा असलेला सभासद आपलं स्पष्टीकरण ऐकून घेणार नाही, आणि त्याने का घ्यावं? केवायसीसाठी पॅनवरच्या नावाशी मेळ घालणंही अशा डेटावर अशक्य आहे.

हे दुरुस्त होणारं काम आहे. प्रत्येक शाखेचा फॉन्ट ओळखून त्याचा वेगळा तक्ता बनवायचा, नावं बदलायची आणि मग शाखेतल्या माणसाने अर्जाशी ताडून पाहायची. चौदा शाखांचं हे काम जानेवारीच्या मध्यापर्यंत संपेल. त्यानंतर महिनाभर जुनी-नवी प्रणाली समांतर चालवणं आवश्यक आहे. म्हणजे आपण थेट मार्चअखेरीच्या तोंडावर येतो. वसुली, व्याज आकारणी, एनपीए वर्गीकरण चालू असताना प्रणाली बदलण्याचा आग्रह काहींनी धरला आहे. मी त्याच्या विरोधात आहे. वर्षअखेर जुन्या प्रणालीवर पूर्ण करू, मे महिन्यात समांतर चाचणी घेऊ आणि सोमवार, १ जूनला सर्व शाखा एकदम सुरू करू.

याची किंमत आहे. जुन्या सॉफ्टवेअरचा देखभाल करार डिसेंबरला संपतो, तो जूनअखेरपर्यंत वाढवायला २,४०,००० रुपये लागतील. शाखांना दिलेले पासबुक प्रिंटर तोवर खोक्यात राहतील आणि त्यांची वॉरंटी मात्र चालू राहील. ती पुढे ढकलण्याबाबत विक्रेत्याशी बोलणं सुरू आहे, अजून होकार आलेला नाही. पुरवठादाराला नाव-दुरुस्तीसाठी जादा पैसे द्यावे लागणार नाहीत, कारण डेटा स्थलांतर मूळ करारातच आहे. त्यांचा पुढचा हप्ता नावांच्या याद्या शाखांनी मंजूर केल्यावरच निघेल.

१ जूनही हुकू शकते का? एका कारणाने हुकू शकते: शाखांकडून याद्या तपासून वेळेत आल्या नाहीत तर. दिवाळीनंतर प्रत्येक शाखेला यादी येईल. शाखाधिकाऱ्यांनी जुन्या सभासदांना ओळखणारा एक कर्मचारी त्यासाठी रोज दोन तास मोकळा द्यावा. नवीन भरती झालेल्यांवर हे काम ढकलू नये. 'दत्तू' की 'दत्ता' हे त्यांना माहीत असणार नाही.

शाखांमध्ये लावलेले '१ नोव्हेंबरपासून एसएमएस सुविधा' हे फलक आजच काढावेत. कुणी विचारलं तर ही सुविधा जूनमध्ये येईल आणि खात्यावरचे व्यवहार नेहमीप्रमाणे चालू आहेत, एवढं सांगावं.

गुरुवार, १६ ऑक्टोबरच्या संचालक मंडळाच्या सभेत करारवाढीचा खर्च मंजुरीसाठी ठेवत आहे. ११ दुहेरी नोंदींची यादी आणि तिन्ही शाखांचे तेरीज तिथे पाहायला मिळतील. त्याआधी शंका असल्यास मला थेट फोन करावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी किती शाखांच्या याद्या झाल्या आणि किती बाकी, याचा मेल सर्वांना येईल, प्रगती नसली तरी येईल.

आपला,
मिलिंद
प्रकल्प प्रमुख, संगणक प्रणाली बदल
१० ऑक्टोबर २०२५