काकडी वाकडी का होते?

बेळगावच्या भाजी मार्केटात आईबरोबर गेलात तर काकडीचा ढीग नीट बघा. एखादी काकडी टोकाला फुगलेली आणि मध्येच आवळलेली असते. आई ती बाजूला सारते. पाणी कमी पडलं तरी काकडी अशी होते. पण पुष्कळदा तिच्या फुलावर मधमाश्या पुरेशा फिरकलेल्या नसतात.

काकडीच्या वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्यामागं चिमुकली काकडी आधीच लागलेली असते. नर फुलातले परागकण चिकट असल्यानं वाऱ्यानं उडत नाहीत. मधमाशी येते ती मकरंदासाठी, पण तिच्या केसाळ अंगाला पराग चिकटतात आणि पुढच्या मादी फुलाच्या कुक्षीवर पडतात. हेच परागीभवन. एक परागकण एकाच बीजांडाला पुरतो. जिथं बी धरते तिथं गर भरतो, जिथं धरत नाही तिथं काकडी आवळलेली राहते. म्हणून एका फुलावर मधमाश्यांना पुन्हापुन्हा यावं लागतं. शिवाय एका फेरीत मधमाशी बहुधा एकाच जातीची फुलं धुंडाळते, नाहीतर काकडीचे पराग झेंडूवर वाया गेले असते.

मधमाश्या संपल्या की जग उपाशी मरेल, असं काहीजण सांगतात. ते काही खरं नाही. भात, जोंधळा, मका यांना मधमाशी लागत नाही. ऊस कांडीपासून लावतात, बेळगुंदीकडची रताळी वेलांपासून. पोट भरेल. पण जगातल्या अन्नपिकांच्या जवळजवळ तीन चतुर्थांश जातींना परागीभवन करणाऱ्या कीटक-प्राण्यांची थोडीफार तरी मदत लागते. ताटातला भोपळा, काकडी, सूर्यफुलाचं तेल, खानापूरकडचा काजू हे सगळं कमी आणि महाग होईल. कांद्याचं बियाणंसुद्धा मधमाश्यांवाचून नीट धरत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मधमाश्या कमी का होतात? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एका विषाणूनं कर्नाटकातल्या सातेरी मधमाश्यांच्या पुष्कळ वसाहती संपवल्या. रोग येतात-जातात, पण माणसाची करणी रोजची आहे. मैलभर नुसता ऊस, बांधावर रानफुलं नाहीत, मग माशीनं खायचं काय? मधासाठी आग्या मोहोळ जाळतात. फुलं उमललेली असताना सकाळीच औषध फवारतात. तेच काम संध्याकाळी, माश्या पोळ्यात परतल्यावर केलं तर कितीतरी वाचतील.

आमच्या शेजारच्या आजी भोपळ्याचं नर फूल सकाळी खुडून मादी फुलाला टेकवतात, कारण दुपारपर्यंत ती फुलं मिटतात. परसातल्या पाच वेलांना हे जमतं. सूर्यफुलाच्या एकाच चक्रीत मात्र शेकडो फुलं असतात आणि ती कडेकडून आत, काही दिवस उमलत राहतात. एकरभर शेताला असं कोण पुरं पडणार?