उंबरठ्यावरचा माणूस आणि घराचा हक्क

१३ मे १९३९ रोजी हॅम्बर्गहून ‘सेंट लुईस’ हे जहाज क्युबाकडे निघालं. त्यावर ९३७ प्रवासी होते, बहुतेक सगळे नाझी राजवटीतून जीव मुठीत धरून निघालेले ज्यू. हवानात जेमतेम २८ जणांना उतरू दिलं. मग जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेलं, इतक्या जवळून की डेकवरून मायामीचे दिवे दिसत होते. प्रवाशांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना तार केली, तिला उत्तर आलं नाही. कॅनडानेही घेतलं नाही. शेवटी जहाज युरोपात परतलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सने प्रवासी वाटून घेतले. त्यांपैकी २५४ जण पुढे नाझी वंशसंहारात मारले गेले.

यात अमेरिकेने स्वतःचा कायदा मोडला नव्हता. १९२४च्या कायद्याने देशवार कोटा ठरला होता आणि जर्मनीच्या कोट्यासाठी रांग लागलेली होती. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

युद्धानंतर जगाने काही धडा घेतला, पण अर्धाच. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, चौदाव्या कलमात, छळापासून आश्रय ‘मागण्याचा आणि उपभोगण्याचा’ हक्क आहे. मसुद्यात आधी आश्रय ‘मिळण्याचा’ हक्क होता; तो शब्द चर्चेत गळला. मागणाऱ्याला हक्क मिळाला, देणाऱ्यावर बंधन आलं नाही. १९५१च्या निर्वासित कराराच्या ३३व्या कलमाने मात्र एक पक्की रेघ ओढली: जिथे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटामुळे जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे कुणालाही परत ढकलायचं नाही. देशाच्या सुरक्षेला धोका ठरणाऱ्या माणसाचा अपवाद त्याच कलमात आहे.

आता राज्याची बाजू. तिला निव्वळ निर्दयपणा म्हणून झटकणं मला पटत नाही. आपल्यात कोण राहील हे लोकांनी मिळून ठरवायचं नसेल, तर स्वराज्याला अर्थ तो काय? शाळेतल्या जागा, दवाखान्यातल्या खाटा, भाड्याची घरं एका वर्षात वाढत नाहीत, आणि टंचाईची झळ आधी गरीब वस्त्यांना बसते. शिवाय समुद्र ओलांडून पोचतो तो बहुधा दलालाला पैसे देऊ शकणारा. म्हातारी माणसं, आजारी बाया, लहान पोरं मागेच छावणीत राहतात. किनाऱ्यावर पोचलेल्या प्रत्येकाला राहू द्यायचं ठरवलं, तर निवड गरजेवर होत नाही, ताकदीवर होते. आणि सीमेवर कुणाचा ताबाच नाही असं लोकांना वाटू लागलं, की आश्रयाच्या बाजूने असलेलं जनमतही फिरतं.

हे सगळं मान्य केलं तरी कितीजण घ्यायचे, कसे, कुठल्या मार्गाने, हे ठरवण्याचाच अधिकार सिद्ध होतो. समोर उभ्या माणसाचं ऐकून न घेण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९५मध्ये परक्याला फक्त भेटीला येण्याचा हक्क दिला, घरात कायमचं राहण्याचा नाही. पण त्याला परत पाठवायचं तर त्याचा नाश होणार नसेल तरच, अशी अटही घातली. मला ती अट योग्य वाटते. कामधंद्यासाठी आलेल्याला आणि जीव वाचवायला आलेल्याला वेगळं करायचं, तर आधी चौकशी करावी लागते.

भार वाटून घेण्याबाबत मात्र कायदा मुका आहे, आणि तिथेच सगळं अडतं. सीरियातल्या युद्धात लेबनॉनमध्ये एक वेळ अशी आली, की दर चार-पाच माणसांमागे एक सीरियन निर्वासित होता. लेबनॉनने १९५१च्या करारावर सहीसुद्धा केलेली नाही. जगातले बहुतेक निर्वासित आजही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, कारण ते देश शेजारी आहेत, एवढंच. श्रीमंत देश पैसे देऊन माणसं दूर ठेवू पाहतात. २०१६चा युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यातला समझोता त्यातलाच. पैशाने मदत होते, हे खरं. पण ज्याने कुणाला घेतलंच नाही, त्याने सीमेच्या हक्काची भाषा बोलताना शेजाऱ्याच्या दारातली गर्दीही मोजावी.

मे २००९मध्ये लिबियातून निघालेल्या सुमारे २०० जणांना इटलीच्या जहाजांनी भर समुद्रात अडवलं आणि त्रिपोलीला नेऊन सोडलं. त्यांत सोमालिया आणि इरिट्रियाचे लोक होते. २०१२मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने इटलीला दोषी धरलं. सीमा राखण्याचा इटलीचा हक्क न्यायालयाने नाकारला नाही. पण त्या जहाजांवर दुभाषी नव्हता, वकील नव्हता, आणि कोण कुठून आलंय याची ओळख पटवण्याचीही तसदी कुणी घेतली नव्हती.