सीए फायनलचा निकाल आणि मनापासून आभार

६ जुलै २०२५ रोजी सीए फायनलचा निकाल लागला आणि तिसऱ्या प्रयत्नात मी ग्रुप एक उत्तीर्ण झाले. ग्रुप दोन मे २०२४ मध्येच सुटला होता, त्यामुळे आता मी सीए झाले आहे. निकालाच्या संध्याकाळी मी येथे एक पोस्ट लिहिली होती आणि ती काल काढून टाकली. "कुणाच्याही आधाराशिवाय, केवळ स्वतःच्या जिद्दीवर" असे मी त्यात लिहिले होते, ते खरे नव्हते. "ज्यांना जमत नाही ते कारणे सांगत बसतात" हे वाक्य तर त्याच दिवशी ज्यांचा निकाल मनासारखा लागला नाही त्यांना दुखावणारे होते. डिसेंबरमध्ये मी स्वतः त्यांच्या जागी होते आणि सहा महिन्यांत ते विसरले, याबद्दल मी त्यांची क्षमा मागते.

नोव्हेंबर २०२४ च्या परीक्षेत मला ग्रुप एकच्या तिन्ही पेपरांत चाळीसच्या वर गुण होते, पण एकूण ३०० पैकी १५० लागतात आणि माझे १४७ झाले होते. त्या निकालाच्या रात्री आप्पांचा फोन आला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर ते गेली सव्वीस वर्षे दिवाणजी आहेत. जमा आणि नावे यांतला फरक मी शाळेत असताना त्यांच्याच रोजकीर्दीवरून शिकले. त्यांनी गुण विचारले नाहीत, कारण विचारले नाही. "पुढचा फॉर्म कधी भरायचा, तेवढं सांग," एवढेच ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला. त्या एका प्रश्नामुळे पुन्हा बसायचे की नाही हा विचार माझ्या मनात रुजलाच नाही.

दादाने नवी दुचाकी घेण्यासाठी साठवलेले पैसे माझ्या क्लासच्या फीसाठी दिले, आणि तो आजही कुपवाडच्या एमआयडीसीत सायकलने कामाला जातो, ही गोष्ट मला वहिनीकडून निकालानंतर कळली. घरात कुणीच ती मला कळू दिली नव्हती. माझ्या आधीच्या पोस्टमध्ये "नातेवाइकांना चोख उत्तर" असेही शब्द होते. नातेवाइकांपैकी ज्या काकूंनी "अजून किती परीक्षा?" असे विचारले होते, त्यांनीच परीक्षेच्या तिन्ही दिवशी सकाळी फोन करून मी जेवले की नाही याची चौकशी केली. काकू, तुमचा प्रश्न काळजीचा होता आणि मी तो टोमणा समजले.

पुण्यात ज्या फर्ममध्ये मी आर्टिकलशिप केली आणि नंतर नोकरीला लागले, तेथील सरांनी ऐन कामाच्या दिवसांत मला अभ्यासासाठी रजा दिली. माझ्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवल्यावर ती घेऊन ते एक संपूर्ण रविवार माझ्यासोबत बसले. फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरात मी आकडेमोड बरोबर करत होते, परंतु कोणत्या मानकाच्या आधारे ती केली हे लिहीतच नव्हते, आणि गुण तेथेच जात होते. हे त्यांनी दाखवले नसते तर मला स्वतःहून दिसले असते, असे आज म्हणवत नाही. माझी खोलीतली मैत्रीण माझ्याआधी सीए झाली होती. तरीही रोज रात्री नऊला ती मला इंड एएस १०९ आणि ११५ या लेखा मानकांवरचे प्रश्न तोंडी विचारत असे, आणि उत्तर चुकले की रागावण्याऐवजी तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा घालत असे.

मेसच्या मावशींबद्दल लिहायचे राहून गेले तर ही पोस्टही अपुरी राहील. पेपर पाचला सुटायचा आणि केंद्रावरून परत यायला सात वाजायचे. त्या वेळी मेसची भांडी घासून झालेली असत, पण ओट्याच्या कडेला माझे ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेले असे. वरण गार होऊ नये म्हणून वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात असे. पेपर कसा गेला हे मावशींनी एकदाही विचारले नाही. परवा त्यांचा संदेश आला, "बाळा, पास झालीस असं ऐकलं. कधी येतेस जेवायला?" तो वाचल्यावर माझीच पोस्ट मला वाचवेना.

येत्या शनिवारी मी सांगलीला येत आहे आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटणार आहे. जे सप्टेंबरच्या परीक्षेला बसत आहेत, त्यांच्यासाठी माझ्या ग्रुप एकच्या पाचही वह्या मावशींकडे ठेवल्या आहेत. सरांनी लाल शाईने खुणा केलेली उत्तरपत्रिकेची ती प्रतही पहिल्या वहीत लावली आहे. दुपारी बारा ते तीन या वेळेत कोणीही जाऊन वह्या न्याव्यात.