आपल्या फोर्स मेज्यूर नोटिशीला उत्तर: पंप केसिंग कास्टिंगचा पुरवठा

दिनांक: 9 ऑगस्ट 2021
रजिस्टर्ड पोस्टाने (पोचपावतीसह) आणि ई-मेलने

प्रति,
व्यवस्थापकीय भागीदार,
सह्यगिरी कास्टिंग्ज,
शिरोली, जि. कोल्हापूर

विषय: 12 जानेवारी 2021 च्या पुरवठा करारातील कलम 17 खाली आपण पाठवलेली 2 ऑगस्ट 2021 ची नोटीस

मा. पाटीलसाहेब, सप्रेम नमस्कार.

आपली नोटीस 3 ऑगस्टला ई-मेलने मिळाली. आपले कामगार आणि त्यांची कुटुंबे सुखरूप आहेत, हे फोनवर आपल्याकडून कळले तेव्हा हायसे वाटले. घरे पाण्यात गेलेल्या कामगारांसाठी काही मदत पोहोचवायची असेल तर नि:संकोच सांगा. त्या मदतीचा या पत्रातील हिशेबाशी काही संबंध राहणार नाही.

आता कराराविषयी. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक थांबली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर आमचा वाद नाही. कलम 17.1 मधल्या यादीत पुराचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून आपली नोटीस आम्ही नोंदवून घेत आहोत. नोंदवून घेणे म्हणजे तिच्यातील प्रत्येक दावा मान्य करणे नव्हे. पुरामुळे आपले कोणते काम, किती दिवस आणि किती प्रमाणात थांबले, हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी कलम 17.2 ने आपल्यावर ठेवली आहे.

त्याच कलमानुसार घटना सुरू झाल्यापासून 7 दिवसांत, म्हणजे आपण दिलेली 23 जुलै ही तारीख धरली तर 30 जुलैपर्यंत, नोटीस यायला हवी होती. त्या दिवसांत वीज आणि फोन बंद होते याची आम्हाला कल्पना आहे. केवळ उशिराच्या कारणावरून आज आम्ही नोटीस फेटाळत नाही. मात्र मुदतीची अट आम्ही सोडूनही देत नाही. तिच्यावर बोट ठेवण्याचा आमचा हक्क राखून ठेवला आहे.

आमचा खरा आक्षेप असा की तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच नोटिशीत एकत्र केल्या आहेत: पूर, दुसऱ्या लॉटचा उशीर आणि कच्च्या मालाची दरवाढ. त्यातल्या पहिल्या गोष्टीलाच कलम 17 लागू होते.

दुसऱ्या लॉटच्या 300 केसिंगची तारीख 10 जुलै होती. 14 जुलैला आमच्याकडे 140 नग आले, 160 बाकी राहिले. 12 जुलैच्या आपल्या ई-मेलमध्ये या उशिराचे कारण एका फर्नेसचे लायनिंग असे दिले आहे. तो ई-मेल सोबत जोडला आहे. त्यात पावसाचा उल्लेख नाही, आणि असायचे कारणही नव्हते, कारण पूर त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी आला. मुदत उलटून गेलेले काम नंतरच्या पुरामुळे माफ होत नाही. त्यामुळे या 160 नगांवर कलम 9 खालची विलंब भरपाई 11 जुलैपासून लागू आहे: प्रति नग 4,250 रुपयांप्रमाणे 6,80,000 रुपयांच्या मालावर दर आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे 3,400 रुपये. रक्कम मोठी नाही. पण दुसऱ्या लॉटचा उशीर पुराच्या खात्यात गेला तर पुढच्या प्रत्येक लॉटच्या तारखेला अर्थ उरणार नाही, म्हणून ही बाब आम्ही सोडणार नाही.

दरवाढीबद्दल. पिग आयर्न आणि स्क्रॅप या वर्षी महागले आहे, हे आमच्याही खरेदीत दिसते. तरीही उरलेल्या मालावर आपण मागितलेली 18 टक्के वाढ नोटिशीच्या आधारे देता येणार नाही. कलम 17.4 ने दरवाढ फोर्स मेज्यूरमधून स्पष्टपणे वगळली आहे आणि कलम 6 प्रमाणे दर डिसेंबर 2021 पर्यंत पक्का आहे. कायदाही याच बाजूने आहे. एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये सांगितले की इंधन महाग झाले एवढ्यावरून कराराची पूर्तता टाळता येत नाही. काम पूर्वीपेक्षा खर्चिक होणे म्हणजे ते अशक्य होणे नव्हे. दराबद्दल वेगळी चर्चा करायची असेल तर वेगळे पत्र पाठवा, आम्ही मोकळेपणाने ऐकू. माल रोखून धरून ती चर्चा होणार नाही.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 56 चा आधार घेऊन करार ‘आपोआप संपुष्टात येऊ शकतो’ असेही आपण लिहिले आहे. हे आम्हाला मान्य नाही. पुरासारख्या घटनेचे काय करायचे हे करारातच ठरलेले असल्यामुळे आधी कलम 17 पाहावे लागते. त्यात मुदतवाढ आहे, करार आपोआप बुडणे नाही. आपल्याच नोटिशीनुसार पाणी 28 जुलैला ओसरले आणि 30 जुलैला वीज आली. अशा वेळी ‘पुढील सूचनेपर्यंत सर्व पाठवणी स्थगित’ हे वाक्य कशावर उभे आहे, ते आम्हाला कळले नाही. करार चालू आहे आणि दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे. 60 दिवस पूर्ण झाल्यावर करार संपवण्याचा कलम 17.6 मधला पर्याय आज आम्ही वापरत नाही, सोडतही नाही.

पुरावा हाती येईपर्यंत हात बांधून बसणे कोणाच्याच हिताचे नाही. म्हणून पुराचे 8 दिवस आणि साफसफाई, मोटारी सुकवणे, पॅनेलची तपासणी यांसाठी आणखी 7 दिवस अशी एकूण 15 दिवसांची तात्पुरती मुदतवाढ आम्ही स्वतःहून देत आहोत. तिसऱ्या लॉटची तारीख 5 ऐवजी 20 ऑगस्ट आणि चौथ्या लॉटची 25 ऑगस्टऐवजी 9 सप्टेंबर धरावी. कागदपत्रे पाहून ही मुदत कमी-जास्त होऊ शकते. दुसऱ्या लॉटच्या 160 नगांना ती लागू नाही.

17 ऑगस्टपर्यंत पुढील गोष्टी पाठवाव्यात: महसूल विभागाने पंचनामा केला असल्यास त्याची प्रत, वीज बंद आणि चालू झाल्याबद्दल महावितरणचे पत्र, विमा कंपनीला दिलेली सूचना आणि सर्व्हेअरचा अहवाल, तारखेसह फोटो, तसेच 1 जुलैपासून आजपर्यंतचे फर्नेस लॉग आणि डिस्पॅच रजिस्टर. शेवटच्या दोन नोंदी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्यांवरून भट्टी कधी थांबली, कधी पेटली आणि त्यानंतरचा माल कोणाला गेला हे दिसेल. क्षमता कमी झाली असेल तर कलम 17.7 प्रमाणे ती सर्व ग्राहकांत प्रमाणात वाटायची आहे. इतर ग्राहकांची नावे आणि दर झाकून रजिस्टर दिलेत तरी चालेल.

आमच्या पॅटर्नची आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे. दोन्ही सेट आणि त्यांचे कोअर बॉक्स आमच्या मालकीचे असून कलम 12 खाली आपल्या ताब्यात आहेत. ते तळमजल्यावरच्या रॅकमध्ये असतात. नोटिशीत त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. लाकडी पॅटर्न पाण्यात फुगला तर मापे जातात आणि ते कास्टिंग मशीनवर चढल्यावरच लक्षात येते. 2019 चा पूर कोल्हापूरने पाहिलेला असल्यामुळे पाण्याचा इशारा आल्यावर पॅटर्न वर हलवले होते का, हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो. त्यांची योग्य काळजी घेणे आणि विमा चालू ठेवणे ही दोन्ही बंधने आपल्यावर आहेत. पॅटर्न सध्या कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे परवा, 11 ऑगस्टपर्यंत ई-मेलने कळवा आणि विमा पॉलिसीची प्रत पाठवा. आमचे क्वालिटी आणि टूलरूमचे दोन इंजिनिअर गुरुवार, 12 ऑगस्टला सकाळी 11 वाजता येतील. संयुक्त तपासणी करून तिथेच दोघांच्या सहीने टिपण करू.

त्याच दिवशी पॅटर्नचा एक सेट आम्ही गाडीत भरून नेणार आहोत. थकलेले 160 नग कलम 14 प्रमाणे दुसऱ्या फाउंड्रीकडून ओतून घ्यावे लागतील. जास्तीचा खर्च आपल्या नावे धरण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. तो किती झाला ते बिलासह कळवू. त्यानंतर हे 160 नग आपल्याकडून घेतले जाणार नाहीत आणि त्यांची विलंब भरपाई पर्यायी ऑर्डरच्या तारखेला थांबेल. दुसरा सेट आपल्याकडेच राहील, जेणेकरून उरलेले दोन लॉट आपणच पूर्ण करावेत. सेट देण्यात अडथळा आला तर तो कराराचा स्वतंत्र भंग समजला जाईल.

हे पंप ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामासाठी जायचे आहेत आणि आमच्या ग्राहकाची तारीख 30 सप्टेंबर आहे. ती चुकली तर आमच्यावर दंड बसेल. या नुकसानीची पूर्वकल्पना आम्ही आपल्याला लेखी देत आहोत. तसेच यापुढे उशिरा येणारा कोणताही माल आम्ही उतरवून घेतला, तरी त्या उशिराची भरपाई मागण्याचा आमचा हेतू आहे, अशी करार कायद्याच्या कलम 55 खालची सूचना या पत्राने देत आहोत. प्रत्येक चलनावर तसा शेराही मारू.

आपल्याकडे आमच्या 10,20,000 रुपयांच्या आगाऊ रकमेपैकी, आलेल्या 440 नगांची वजावट होऊन, 6,46,000 रुपये शिल्लक आहेत. त्यातले 1,36,000 रुपये दुसरीकडे ओतल्या जाणाऱ्या 160 नगांचे असल्याने ते परत करावेत किंवा पुढच्या बिलात वळते करावेत. बाकी 5,10,000 रुपये फक्त आमच्याच मालासाठी वापरले जातील याची लेखी हमी 17 ऑगस्टपर्यंत द्यावी.

या पत्रातील कोणतीही सवलत, आमचे मौन किंवा तपासणीला येणे म्हणजे करारातील किंवा कायद्यातील हक्क सोडणे नव्हे. कलम 21 प्रमाणे हक्क सोडायचा तर तो लेखी आणि दोन्ही पक्षांच्या सहीनेच. हे पत्र तडजोडीच्या खासगी बोलणीचा भाग नाही. गरज पडल्यास कलम 23 खाली पुण्यातील लवादापुढे ते दाखल केले जाईल.

ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. आपल्या फाउंड्रीच्या कास्टिंगवर आमच्या मशीन शॉपचा विश्वास आहे आणि उरलेले लॉट आपल्याकडूनच यावेत हीच आमची इच्छा आहे. 20 ऑगस्टला 300 नग निघणे शक्य नसेल तर किती निघतील आणि कधी, हे आठवडावार लिहून पाठवा. दीडशे नगांचे खरे वेळापत्रक आम्हाला तीनशेच्या आश्वासनापेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण त्यावर आमची जुळणीची पाळी लावता येते.

गुरुवारच्या भेटीची वेळ उद्या संध्याकाळपर्यंत पक्की करावी.

आपला विश्वासू,

स. वि. कुलकर्णी
प्रमुख, खरेदी विभाग
कृष्णातीर पंप्स प्रा. लि., भोसरी, पुणे

सोबत:
1. आपला 12 जुलै 2021 चा ई-मेल
2. 14 जुलै 2021 चे 140 नगांचे चलन
3. पॅटर्न सुपूर्द केल्याची पावती, दोन्ही सेटच्या फोटोंसह
4. आगाऊ रकमेचा खातेउतारा

प्रत: लेखा विभाग, गुणवत्ता विभाग, कंपनीचे विधी सल्लागार