सेवेतील चूक आणि तक्रार-निवारण : वर्गचर्चेसाठी प्रश्न

प्रसंग : महाबळेश्वरातलं ४० खोल्यांचं हॉटेल, मे महिन्यातला शनिवार. रात्री साडेनऊला आजी-आजोबा आणि दोन मुलांसह एक कुटुंब पोचतं. बुकिंग पक्कं, पैसे भरलेले; पण ओव्हरबुकिंगमुळे खोली शिल्लक नाही. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणतो, "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे, सर."

१. त्या एका वाक्यात काय काय बिघडलं? त्याच्या जागी तुम्ही नेमकं काय बोलाल, ते शब्दशः लिहा. ("गैरसोयीबद्दल क्षमस्व" चालणार नाही. ती पाटी झाली.)

२. पाहुण्यांना दुसऱ्या हॉटेलात पाठवायचं ठरलं. खोलीच्या दरातला फरक, गाडी, आजोबांचं जेवण आणि उद्या परत आणणं यांपैकी काय कोणाच्या खर्चानं? मॅनेजर फोन उचलत नाही, हे गृहीत धरा.

३. रिट्झ-कार्लटनमध्ये कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा देण्याचं धोरण प्रसिद्ध आहे. आपल्या हॉटेलात ही मर्यादा किती ठेवाल? गैरवापर कसा ओळखाल?

४. भरपाई, प्रक्रिया आणि वागणूक अशा तीन बाजूंनी पाहुणा न्याय जोखतो. भरपाई चोख, पण वागणूक तुसडी असेल तर काय होईल?

५. चूक नीट निस्तरली, तर पाहुणा कधीकधी आधीपेक्षा जास्त खूश होतो. मग दुसऱ्या खेपेला तीच चूक झाली तर?

६. न बोलता निघून गेलेल्या पाहुण्याची तक्रार कशी शोधाल?

७. सोमवारच्या बैठकीसाठी लॉगबुकात पाच ओळींची नोंद लिहा. दोष कोणाचा, हे लिहू नका. ओव्हरबुकिंग कुठे रोखता आलं असतं, ते लिहा.